बाबू हरदासांच्या फोटोवरचं नाव पुसताना



१२ जानेवारी जवळ आली की माझ्या मोबाइलवर एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागतो. फोटो बाबू हरदास एल. एन. यांचा. पण तो कधीच एकटा येत नाही. वर 'विनम्र अभिवादन', खाली कोणाचं तरी नाव, पद, मोबाइल नंबर आणि आडवं-तिरपं कुठल्या तरी पेजचं नाव. सोबत निरोप असतो, "भाऊ, हे नाव तेवढं उडवून द्या, फोटो तसाच ठेवा. उद्या फ्लेक्स लावाचा आहे."

फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर यांची डिझाइनं करणं हे माझं काम, म्हणून हा निरोप माझ्याकडे येतो. पण गेली दोन-तीन वर्षं बरीच पोरं माझ्याकडे येण्याआधीच मोबाइलवर फुकटच्या अ‍ॅपमध्ये ते नाव पुसून आणतात. काही फोटो चांगले होतात. काहींमध्ये बाबू हरदासांची हनुवटीच बदललेली असते, आणि आणणाऱ्याला ते दिसलेलंही नसतं. म्हणून आज हे सविस्तर लिहितो आहे. पोस्ट मोठी आहे, पण १२ तारखेच्या आधी एकदा वाचा.

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. बाबू हरदास आपल्या कामठीचे. जन्म १९०४ चा. बिडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली, समाजासाठी रात्रशाळा चालवल्या, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले, आणि १२ जानेवारी १९३९ ला पस्तिसाव्या वर्षी क्षयानं गेले. आपण दिवसातून दहादा 'जय भीम' म्हणतो, त्या अभिवादनाची सुरुवात त्यांच्या नावावर आहे. इतक्या कमी वयात आणि त्या काळात गेलेल्या माणसाचे फोटो किती निघाले असणार? माझ्याकडे येतात ते फिरून फिरून तेच. म्हणून या चेहऱ्याची एक रेघ इकडची तिकडे झाली तरी ती साधी गोष्ट नाही. उद्याची पोरं तोच चेहरा खरा समजणार आहेत.

आता मुद्द्याचं. फुकटचं अ‍ॅप नाव पुसतं म्हणजे नेमकं काय करतं?

फोटोवर अक्षरं छापली गेली की त्यांच्या खालचा फोटो त्या फाइलमधून कायमचा गेलेला असतो. बऱ्याच जणांना वाटतं की अक्षर म्हणजे काचेवर चिकटवलेलं स्टिकर, खरवडलं की खालचं दिसेल. तसं नाही. भिंतीला भोक पाडावं तसं ते आहे. अ‍ॅप ते भोक बुजवतं, आणि बुजवण्यासाठी आजूबाजूचा तुकडा उचलून तिथं ठिगळ लावतं. कापडाला ठिगळ लावताना आपण जवळपास त्याच रंगाचा तुकडा शोधतो, तेच काम अ‍ॅप आपोआप करतं. मागे साधी भिंत असेल तर भिंतीचं ठिगळ भिंतीवर बसतं आणि कोणाला कळत नाही. पण जिथं दोन गोष्टींची कड आहे, म्हणजे गाल आणि मागची भिंत, कॉलर आणि मान, तिथं ठिगळ कुठल्या बाजूचं लावायचं हे अ‍ॅपला कळत नाही. मग गालात भिंत शिरते किंवा भिंतीवर गाल पसरतो.

मी उदाहरण घेतो Snapseed चं, कारण ते फुकट आहे, मधे जाहिराती येत नाहीत आणि आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर चालतं. त्यात Tools मध्ये Healing नावाचं साधन आहे. त्यावर बोट ठेवून अक्षरावरून फिरवलं की तेवढा भाग लाल दिसतो, आणि बोट उचललं की ठिगळ बसतं. इतकं सोपं आहे, आणि गडबड नेमकी इथंच होते. या साधनात ठिगळ कुठून उचलायचं ते आपल्याला सांगता येत नाही. ब्रश लहान-मोठा करायचं बटणही नाही. आपल्या हातात फक्त दोन गोष्टी राहतात: फोटो किती मोठा करून पाहायचा आणि बोट कसं फिरवायचं.

मोठा करून पाहण्याचा हिशेब सांगतो, म्हणजे पटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अभिवादनाची पोस्ट बहुधा १०८० बाय १०८० ठिपक्यांची असते. ती फोनच्या साधारण सात सेंटिमीटर रुंद पडद्यावर पूर्ण दिसते. आपलं बोट पडद्याला टेकतं ते आठेक मिलिमीटर. म्हणजे पूर्ण फोटो दिसत असताना बोटाखाली सव्वाशेच्या आसपास ठिपके झाकले जातात. नावाचं एक अक्षर असतं चाळीस ठिपक्यांचं. सव्वाशे ठिपक्यांच्या बोटानं चाळीस ठिपक्यांचं अक्षर पुसायला जाणं म्हणजे झाडूनं डोळ्यातलं कुसळ काढणं. दोन बोटांनी फोटो चौपट मोठा केला की तेच बोट तीसेक ठिपके झाकतं, आणि ब्रशही फोटोच्या मानानं तेवढाच बारीक होतो. म्हणून पहिला नियम असा की अक्षर बोटापेक्षा मोठं दिसेपर्यंत फोटो मोठा करायचा आणि मगच हात लावायचा. पाहा, लोक नेमकं उलटं करतात. पूर्ण फोटो समोर ठेवून घासत बसतात.

आता बोट कसं फिरवायचं. इथं मराठी अक्षरांची एक वेगळीच अडचण आहे, जी इंग्रजी पोस्ट पुसणाऱ्याला येत नाही. आपल्या अक्षरांवर शिरोरेघ आहे. ती पूर्ण शब्दाला एका पट्टीनं बांधते. तुम्ही मधलंच एक अक्षर पुसायला घेतलं, तर अ‍ॅप ठिगळ शोधायला शेजारी जातं, आणि शेजारी काय आहे? पुढचं अक्षर आणि तीच शिरोरेघ. मग ते शिरोरेघेचाच तुकडा उचलून पुन्हा तिथं लावतं. पोरं म्हणतात, "भाऊ, पुसलं की परत येऊन राहिलं." परत येत नाही, अ‍ॅप ते शेजारून आणतं.

यावर उपाय दोन. शब्द लहान असेल तर शिरोरेघेपासून खालच्या उकारापर्यंत पूर्ण शब्द एकाच फटक्यात, बोट न उचलता, लाल करायचा. म्हणजे जवळपास अक्षराचा तुकडाच उरत नाही, ठिगळासाठी अ‍ॅपला स्वच्छ भागाकडे जावंच लागतं. शब्द लांब असेल तर ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची. त्याच्या तीन बाजूंना मोकळी जागा असते, त्यामुळे ठिगळ मोकळ्या जागेतून येण्याची शक्यता जास्त. ते अक्षर गेलं की त्याच्या आतलं अक्षर आता टोकाला आलं. असं एकेक करत आत जायचं. मधून सुरुवात कधीच करायची नाही.

आणि अक्षर म्हणजे फक्त अक्षराचा रंग नाही. आपल्याकडच्या पोस्टवर पिवळ्या अक्षराला काळी किनार असते, किनारीला सावली असते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपनं दाबलेल्या फोटोत अक्षराच्या आजूबाजूला मळकट ठिपक्यांचं वलय पडतं, कारण असा फोटो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी करून साठवला जातो आणि अक्षराची तीक्ष्ण कड त्या चौकटीत पसरते. म्हणून अक्षराच्या कडेबाहेर थोडं जास्तच लाल करायचं. नाही तर पिवळं अक्षर जातं आणि त्याचं भूत राहतं. अनुस्वार, रफार आणि खालचे उकार तर हमखास सुटतात. फ्लेक्सवर मग भिंतीवर एकटाच अनुस्वार लटकलेला दिसतो.

एका फटक्यात बरं जमलं नाही तर त्याच्यावर पुन्हा पुन्हा घासू नका. प्रत्येक फटका आधीच्या ठिगळावर ठिगळ लावतो, आणि शेवटी तिथं गुळगुळीत डाग होतो. खाली उलट्या बाणाचं चिन्ह आहे, त्यानं मागे या, आणि फटक्याची दिशा किंवा लांबी थोडी बदलून पुन्हा करा. आडवा फटका बिघडला तर उभा करून पाहा. ठिगळ कुठून घ्यायचं हे सांगता येत नसलं तरी फटका बदलला की अ‍ॅप बहुधा वेगळा तुकडा उचलतं. एवढाच काय तो आपला ताबा.

आता प्रत्यक्ष एक फोटो घेऊ. मागच्या वेळी आमच्याकडे एका मंडळाचा पोरगा आला होता. त्याच्या पोस्टवर तीन जागी मजकूर होता. वर मोकळ्या भिंतीवर 'विनम्र अभिवादन'. खाली छातीवर एका कार्यकर्त्याचं नाव, पद आणि नंबर. आणि डाव्या खांद्यापासून वर हनुवटीपर्यंत फिकट पांढऱ्या अक्षरांत तिरपं एका पेजचं नाव.

तो म्हणाला, "भाऊ, तिन्ही उडवा."

मी म्हटलं, "तीनपैकी एकाला हात लावू, एकाला लावायची गरज नाही, आणि एक अर्धंच होईल."

"काऊन?"

वरचं 'विनम्र अभिवादन' सोपं होतं. मागे साधी भिंत. चौपट मोठं करून, 'अभिवादन' शब्दाच्या शेवटच्या 'न' पासून सुरुवात करून पाच-सात फटक्यांत गेलं.

खालच्या नावाला मी हातच लावला नाही. कारण त्याच्या फ्लेक्सवर खाली मंडळाच्या नावाची निळी पट्टी येणारच होती. छातीच्या खालचा भाग कापला आणि त्या कडेवर पट्टी बसवली, नाव आपोआप गेलं. ठिगळ नाही, अंदाज नाही. निम्म्या वेळा पुसायची गरजच नसते, हे लक्षात ठेवा. आधी पाहा की तो भाग कापता येतो का. मग पाहा की आपला स्वतःचा मजकूर तिथं येणार आहे का. दोन्ही नाही म्हणाले तरच Healing उघडा.

तिसरं ते तिरपं नाव. त्यातला भिंतीवरचा भाग गेला. खांद्यावरचा भाग कपड्याच्या गडद रंगात बऱ्यापैकी मिसळला, कारण कापड एकसारखं होतं. पण शेवटची तीन अक्षरं हनुवटीच्या कडेवर होती. तिथं मी थांबलो.

पोरगा म्हणाला, "एवढंसं तर आहे, घासून टाका ना."

त्याला मी हिशेब करून दाखवला. त्या फोटोत चेहरा तीनशे ठिपके रुंद होता. त्याला फ्लेक्सवर चेहरा हवा होता दोन फूट रुंद. दोन फूट म्हणजे सहाशे दहा मिलिमीटर. तीनशे ठिपक्यांत वाटले तर एक ठिपका दोन मिलिमीटरचा. हनुवटीवर पंधरा ठिपक्यांचं ठिगळ चुकलं तर फ्लेक्सवर ती चूक तीन सेंटिमीटरची. मोबाइलवर जे 'एवढंसं' आहे ते चौकात माणसाच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं दिसणार. आणि ती चूक हनुवटीच्या कडेवर. माणूस ओळखू येतो तो डोळे, नाक, ओठ आणि जबड्याची रेघ यांवरून. त्या रेघेत भिंतीचं ठिगळ शिरलं की माणूस बारीक दिसतो, गालाचं ठिगळ बाहेर आलं की सुजलेला.

हल्ली Google Photos मधलं Magic Eraser किंवा तसलीच दुसरी साधनं हे काम जास्त सफाईनं करतात. कड तुटत नाही, डाग दिसत नाही. पण सफाई वाढली म्हणजे माहिती वाढली असं नाही. झाकलेल्या जागी खरी हनुवटी कशी होती हे त्यांनाही माहीत नसतं. ती एक शक्य दिसणारी हनुवटी काढून देतात. Healing ची चूक निदान डोळ्यांना खटकते. सफाईदार चूक खटकतच नाही, म्हणून ती पुढे फिरत राहते. नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागचा खांब उडवायला ही साधनं छान आहेत. १९३९ ला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नाही.

मग त्या तीन अक्षरांचं काय केलं? त्याला म्हटलं, "हाच फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आणखी कोणी पाठवला असेल, शोध." त्यानं ग्रुपमध्ये शोधलं, तर दुसऱ्या एका मंडळाची जुनी पोस्ट सापडली. फोटो तोच, पण मजकूर उजवीकडे. हनुवटी मोकळी. आकार थोडा लहान होता, पण चेहरा पूर्ण होता. मी काँप्युटरवर दोन्ही एकमेकांवर ठेवून आकार जुळवला आणि दुसऱ्या कॉपीतली खरी हनुवटी त्या जागी घेतली. यात अंदाज नाही, कारण ती त्याच फोटोतली हनुवटी आहे. मोबाइलवर हे जुळवणं किचकट आहे. तिथं सरळ मार्ग असा की जिच्यावर चेहरा मोकळा आहे तीच कॉपी वापरायची आणि मजकूर भिंतीवरचा, कपड्यावरचा पुसायचा. पंधरा मिनिटं घासण्यापेक्षा पाच मिनिटं शोधणं बरं. फोटो Google Lens मध्ये टाकूनही त्याच्या दुसऱ्या कॉपी सापडतात.

काम झालं की तपासायचं कसं? पुसणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याचा डोळा तिथं सरावलेला असतो. मी तीन गोष्टी करतो. पहिली, फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, सोडलं की नवा. चार-पाच वेळा दाबून-सोडून पाहायचं आणि नजर चेहऱ्यावर ठेवायची. मजकूर सोडून दुसरं काही हललं तर ते चुकलं. दुसरी, Details मध्ये जाऊन Structure पूर्ण वाढवायचं. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोला सगळीकडे बारीक रवा असतो. ठिगळाच्या जागी तो रवा नसतो किंवा वेगळा असतो, आणि Structure वाढवलं की ती जागा भिंतीवरच्या ओलीसारखी उठून दिसते. पाहून झालं की फुलीवर दाबून बाहेर यायचं, तो बदल ठेवायचा नाही. तिसरी, एकसारखे दोन डाग शोधायचे. भिंतीवरचा एक ओरखडा शेजारी पुन्हा तसाच दिसला तर ठिगळ तिथून उचललं आहे.

सेव्ह करताना मूळ फाइलवर करू नका, वेगळी कॉपी ठेवा. आणि ती पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा दाबतं, आणि तुम्ही कष्टानं बुजवलेल्या जागेभोवती पुन्हा मळ बसतो.

आता थोडं वेगळं, पण याच कामातलं. फोटोवरचा प्रत्येक मजकूर 'नको असलेला' नसतो. कार्यकर्त्यानं जुन्या फोटोवर टाकलेलं स्वतःचं नाव पुसलं तर माझी हरकत नाही, तो फोटो त्याचा नव्हताच. पण ड्रॅगन पॅलेसचा संध्याकाळचा सुंदर फोटो एखाद्या पोरानं स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढला असेल आणि कोपऱ्यात त्याचं नाव असेल, तर ते नाव म्हणजे त्याची मजुरी आहे. ते पुसून वाटणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली गुन्हा ठरू शकतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, पोरगा आपल्याच गावचा असतो. फोन करून मागितला तर बहुतेक जण बिननावाची मोठी फाइल आनंदानं देतात. फक्त खाली त्याचं नाव लिहा.

तसंच तक्रारीच्या फोटोंचं. नालीचा, खड्ड्याचा, कचऱ्याचा फोटो काढताना खाली तारीख, वेळ आणि ठिकाण छापून येतं. ते दिसायला घाण वाटतं म्हणून काही जण पुसून पोस्ट करतात. पुसू नका. तो मजकूरच पुरावा आहे. तो गेला की समोरचा म्हणणार, हा फोटो मागच्या वर्षीचा आहे. आणि एकदा फोटोत एके ठिकाणी ठिगळ सापडलं की बाकीच्या खऱ्या फोटोवरही कोणी विश्वास ठेवत नाही. घराचा पत्ता दिसतो म्हणून झाकायचाच असेल तर Healing नं झाकू नका, त्यावर सरळ अपारदर्शक काळा चौकोन ठेवा. झाकलेलं आहे हे दिसू द्या. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

आणि बाबू हरदासांच्या फोटोबद्दल शेवटची एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. पोरं मजकूर पुसताना सगळाच मजकूर पुसतात. कार्यकर्त्याचं नाव जातं, पेजचं नाव जातं, आणि फोटोखाली छापलेलं 'बाबू हरदास एल. एन.' हेही जातं. मग तो स्वच्छ फोटो बिननावाचा फिरायला लागतो. बाबासाहेबांच्या फोटोला नाव लागत नाही, ते सगळं जग ओळखतं. बाबू हरदासांना कामठीबाहेर किती जण चेहऱ्यानं ओळखतात? नागपूरच्या पुढं गेलं की तो एका अनोळखी माणसाचा जुना फोटो. त्याच्याखाली उद्या कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतो. म्हणून माझ्याकडून जी फाइल बाहेर जाते तिच्यावर, चेहऱ्यापासून दूर, खालच्या कडेला, बारीक पण वाचता येईल असं तीन गोष्टींपुरतं लिहिलेलं असतं: नाव, १९०४–१९३९, कामठी. मंडळाचं नाव हवं तेवढं मोठं टाका, पण हे तिन्ही राहू द्या. फाइलच्या नावातही तेच लिहा, म्हणजे मजकूर कापला गेला तरी शोधताना सापडेल.

खरं तर हे पुसापुशीचं काम कमी व्हायचा एकच उपाय आहे, चांगला मूळ फोटो. आपल्या गावात जुन्या घरांमध्ये, विहारांमध्ये, ग्रंथालयांमध्ये भिंतीवर त्यांचा छापील फोटो लावलेला असतो. त्यावर कोणाचं नाव नसतं. तुमच्याकडे असा असेल तर मोबाइलवर त्याचा नीट फोटो काढा. काचेतून काढू नका, चकाकी येते. शक्य असेल तर फ्रेम उघडा. नाहीच उघडता आली तर खिडकीचा उजेड एका बाजूनं पडेल असं ठेवा आणि समोरच्या बाजूला अंधार राहू द्या. फ्लॅश बंद. मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा, जवळ जाऊ नका, दोन हात लांब उभं राहून दुपटीनं मोठं करा, म्हणजे कडा वाकड्या होत नाहीत. दोन-तीन काढा. आणि पुन्हा सांगतो, Document म्हणून पाठवा.

मला पाठवले तर मी त्यातला सगळ्यात स्पष्ट निवडून, डाग-सुरकुत्या चेहरा सोडून काढून, मोठ्या आकारात सगळ्या मंडळांना फुकट देईन. कोणत्या घरातून आला ते त्या घराची परवानगी असेल तरच लिहीन. म्हणजे या १२ तारखेला निदान कामठीच्या चौकाचौकांत एकच चेहरा दिसेल, आणि तो त्यांचाच असेल.

ज्यांच्याकडे उद्या फ्लेक्स छापायला जायचा आहे त्यांनी फाइल पाठवायच्या आधी एकदा दाबून-सोडून हनुवटी पाहून घ्या.

जय भीम.